बांबूचं कापड म्हणजे नक्की काय? लेबलवर '९५% बांबू' लिहिलेल्या जर्सीबद्दल

टाकादोरा
बाळांची झबली शिवण्यासाठी एक कापड घेतलं आहे. एकेरी जर्सी, २२० जीएसएम, लेबलवर '९५% बांबू, ५% स्पॅन्डेक्स'. हाताला फार मऊ, गार आणि सुती जर्सीपेक्षा जड लागतं. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे खरंच बांबूचं असेल, तर एवढ्या कडक काठीचं असं सूत होतं कसं? ते इतकं मऊ आणि गार का लागतं? आणि विकताना पाकिटावर 'नैसर्गिक बांबू, पर्यावरणपूरक, जंतुरोधक' असं लिहिलं तर चालेल का? पुरवठादाराच्या माहितीपत्रकात हे तिन्ही शब्द आहेत.

हिरवीवाट
खुशाल लिहा. बांबूला फवारणी जवळपास लागत नाही, तोडला तरी जमिनीखालच्या कंदातून पुन्हा फुटतो, त्यामुळे नांगरट आणि नवी लागवड नको. त्याच्यात मुळातच जंतूंना रोखणारा घटक असतो, तो कापडात उतरतो. काठ्या ठेचतात, सडवतात, विंचरून तंतू काढतात आणि काततात. तागासारखंच काम आहे, त्यात रसायनांचा संबंध येत नाही.

गिरणीकर
हिरवीवाट, शेतातल्या बांबूबद्दल तुम्ही लिहिलंय ते बरंचसं बरोबर आहे. पण ठेचून-विंचरून केलेलं कापड वेगळं आणि टाकादोरांच्या हातातलं वेगळं. ठेचून काढलेल्या बांबूचं कापड असतं, पण बाजारात फार थोडं, आणि ते अंगाला तागाच्या किंवा जाड्या लिननच्या वळणाचं लागतं. कारण सरळ आहे. बांबूचा एकेक सुटा तंतू जेमतेम २ ते ३ मिलिमीटर लांब असतो. कापसाचा तंतू २५ ते ३० मिलिमीटर असतो म्हणून त्याला पीळ देऊन सूत काढता येतं. २ मिलिमीटरच्या तंतूला पीळ धरतच नाही. त्यामुळे ठेचण्याच्या पद्धतीत तंतू पूर्ण सुटे करत नाहीत, लिग्निनच्या चिकटीने एकत्र राहिलेल्या जुड्याच काततात. जुडी जाड, ताठ आणि टोचरी असते. त्यातून बाळाच्या झबल्याची जर्सी होत नाही.

मऊ, गार, अंगावरून ओघळणारी 'बांबू' जर्सी म्हणजे व्हिस्कोस, आपण ज्याला रेयॉन म्हणतो तेच. त्यात बांबूचे तंतू कातलेले नसतात. बांबू विरघळवून त्याच्यातल्या सेल्युलोजचा नवा तंतू ओढलेला असतो. लांबी कापणाऱ्या यंत्रावर ठरते. सुती गिरणीच्या यंत्रांवर चालावं म्हणून बहुधा ३८ मिलिमीटर कापतात. जाडीही कारखानाच ठरवतो.

टाकादोरा
विरघळवून म्हणजे कसं? साखर पाण्यात विरघळते तसं?

गिरणीकर
तसं झालं असतं तर हा सगळा खटाटोप लागलाच नसता. सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, नाहीतर पहिल्या धुण्यात सदरा वाहून गेला असता. म्हणून त्याला काही काळापुरतं दुसरंच रूप द्यावं लागतं. ही युक्ती १८९२ साली इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी पेटंट केली. मूळ पायऱ्या आजही त्याच आहेत.

आधी बांबूच्या चिपा शिजवून लगदा करतात. कागदाच्या लगद्याइतकी सफाई इथे पुरत नाही. लिग्निन तर काढायचंच, शिवाय हेमिसेल्युलोज आणि बांबूत लाकडापेक्षा जास्त असणारी सिलिका, हेही काढावं लागतं. ते राहिलं तर पुढे गाळण्या तुंबतात आणि द्रावणात न विरघळलेल्या गाठी राहतात. शेवटी नव्वद टक्क्यांहून जास्त शुद्ध सेल्युलोजचे पांढरे, जाड पुठ्ठ्यासारखे तक्ते उरतात.

हे तक्ते सुमारे १८ टक्के कॉस्टिक सोड्यात भिजवतात, दाबून जादा सोडा काढतात आणि चुरा करतात. चुरा काही तास उबेत मुरवतात. मुरताना सेल्युलोजच्या लांब साखळ्या हवेतल्या ऑक्सिजनने तुटून आखूड होतात. हे मुद्दाम करतात, कारण साखळ्या लांब राहिल्या तर द्रावण इतकं घट्ट होतं की छिद्रातून जात नाही. मग बंद भांड्यात कार्बन डायसल्फाईड सोडतात. पांढरा चुरा नारिंगी होतो. तो पातळ कॉस्टिकमध्ये मधासारखा विरघळतो. त्या मधासारख्या पाकाचंच नाव व्हिस्कोस. त्यात ८ ते १० टक्के सेल्युलोज असतं.

पाक गाळतात, पोकळी लावून त्यातली हवा काढतात, थोडा मुरू देतात आणि मग हजारो बारीक छिद्रांच्या चकतीतून आम्लाच्या हौदात दाबतात. हौदात गंधकाम्ल, भरपूर सोडियम सल्फेट आणि थोडं झिंक सल्फेट. आम्ल लागताच कार्बन डायसल्फाईड सुटतं आणि सेल्युलोज परत मूळ रूपात येऊन घट्ट होतं. तंतू ओला असतानाच ताणतात, कापतात, गंधक निघेपर्यंत धुतात, पांढरा करतात, वाळवतात. पाकात हवेचा एक बुडबुडा राहिला तर तंतू तिथेच तुटतो. धुण्यात कसर राहिली तर तंतू पिवळट आणि खरखरीत होतो.

टाकादोरा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. बांबूत जे बांबूचं म्हणून वेगळं होतं, ते लगद्याच्या पायरीवर मुद्दाम काढून टाकलेलं असतं. उरतं ते सेल्युलोज. ते निलगिरीतून आलं असतं तरी असंच असतं.

ओंजळ
माझ्याकडे काळपट राखाडी मोजे आहेत, पाकिटावर 'बांबू चारकोल' लिहिलंय. ते पण असेच विरघळवून केलेले का? वास धरत नाहीत असं लिहिलंय म्हणून घेतले होते.

गिरणीकर
ओंजळ, तो वेगळा प्रकार आहे. बांबूच्या कोळशाची अतिशय बारीक पूड दुसऱ्या तंतूत मिसळतात. तो तंतू बहुतेक वेळा पॉलिएस्टर असतो, कधी व्हिस्कोसही. लेबलवरचे टक्के बघा. 'पॉलिएस्टर' लिहिलं असेल तर मोज्यातला बांबू म्हणजे फक्त ती पूड. टाकादोरांच्या जर्सीशी त्याचा संबंध नाही.

ओंजळ
८० टक्के पॉलिएस्टर निघालं. बांबू शब्द फक्त पाकिटावर मोठ्या अक्षरात आहे, टक्क्यांच्या यादीत कुठेच नाही. धन्यवाद.

शंकाकुशंका
दोन शंका. एक, जंतुरोधक गुण राहतो की नाही? दोन, इतकं कॉस्टिक, आम्ल आणि ते कार्बन डायसल्फाईड वापरलंय, मग ते बाळाच्या अंगाला लागणार नाही का?

रसायनवही
दुसरी शंका आधी. नीट धुतलेल्या व्हिस्कोसमध्ये कार्बन डायसल्फाईड राहत नाही. ते ४६ अंश सेल्सिअसलाच उकळतं, आणि तंतू त्याहून गरम पाण्यातून आणि मग वाळवणीतून जातो. उरलेलं कॉस्टिक आणि आम्ल एकमेकांना मारतात. कपडा घालणाऱ्याला या प्रक्रियेची भीती नाही. भीती आहे ती कारखान्यात चकतीपाशी उभ्या असणाऱ्या कामगाराला आणि धुराड्याच्या आसपास राहणाऱ्यांना.

कार्बन डायसल्फाईड श्वासातून बरीच वर्षं जात राहिलं तर नसा, मेंदू आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या बिघडतात. हातापायांना मुंग्या येण्यापासून भ्रम होण्यापर्यंत लक्षणं असतात. दक्षिण कोरियातल्या वोन्जिन रेयॉन कारखान्यात शेकडो कामगारांना ही विषबाधा झाली आणि १९९३ साली तो कारखाना बंद पडला. म्हणून 'पर्यावरणपूरक' हा शब्द शेतावर नव्हे, धुराड्यावर तपासायला हवा असं मला ठामपणे वाटतं.

एक किलो तंतूचा ढोबळ हिशोब मांडतो. कार्बन डायसल्फाईड साधारण ३०० ग्रॅम लागतं. कॉस्टिक अर्धा किलो धरू. हे कॉस्टिक शेवटी गंधकाम्लाशी मिळून संपतं:

```
2NaOH + H2SO4 → Na2SO4 + 2H2O
```

अर्धा किलो कॉस्टिकला सुमारे ६१० ग्रॅम आम्ल लागतं आणि त्यातून सुमारे ८९० ग्रॅम सोडियम सल्फेट तयार होतं. म्हणजे किलोभर तंतूमागे जवळपास किलोभर क्षार. चांगले कारखाने तो हौदातून वेगळा काढून विकतात, हयगय करणारे सांडपाण्यात सोडतात.

आता रोज १०० टन तंतू काढणारा कारखाना कल्पा. रोज ३० टन कार्बन डायसल्फाईड आत जातं. ते तंतूत राहत नाही, म्हणजे सगळं कुठून तरी बाहेर पडणार. काही भाग हायड्रोजन सल्फाईड होऊन निघतो, सडक्या अंड्याचा वास येतो तो त्याचा. यंत्रांवर झाकणं घालून, वायू ओढून ७० टक्के पकडला तर रोज ९ टनांचा हिस्सा हवेत जातो. ९५ टक्के पकडला तर दीड टन. बांबू तोच आणि तंतूही तोच असतो, तरी दोन कारखान्यांत सहापट फरक पडतो. कपडा हातात घेऊन हा फरक कुणालाच कळत नाही.

हिरवीवाट
हिशोब पटला. पण मग बांबूचा काहीच फायदा नाही म्हणायचं का? कापसाला लागणारं पाणी आणि फवारणी विसरून चालणार नाही. आणि बांबूतला तो घटक लगद्यात अगदीच शिल्लक राहत नसेल हे मनाला पटत नाही.

गिरणीकर
घटकाचं सांगतो. कॉस्टिक, आम्ल आणि विरंजनातून गेल्यावर सेल्युलोजखेरीज काही राहू नये म्हणूनच सगळी धडपड असते, राहिलं तर तो दोष. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ पासून याच मुद्द्यावर कारवाया केल्या. त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे. असा तंतू 'रेयॉन' किंवा 'व्हिस्कोस, बांबूपासून' असाच लिहायचा, नुसता 'बांबू' लिहायचा नाही, आणि झाडाचा जंतुरोधक गुण कापडात राहतो असं सांगायचं असेल तर पुरावा द्यायचा. २०२२ मध्ये कोल्स आणि वॉलमार्ट यांच्यावरच्या प्रकरणांत दंड मिळून ५५ लाख डॉलर ठरला. एखादं कापड चाचणीत जंतू रोखत असेलही, पण तेव्हा त्यावर वेगळं फिनिश चढवलं आहे का ते विचारायचं. ते फिनिश कुठल्याही कापडावर चढवता येतं आणि धुण्यांनी कमी होत जातं.

शेताबद्दल तुम्ही म्हणता ते मोलाचं आहेच, फक्त ते लगद्याच्या दारापर्यंत पोचतं. तिथेही मिश्र जंगल तोडून नुसता बांबू लावला असेल तर हिशोब उलटतो.

टाकादोरा
म्हणजे 'जंतुरोधक' मी काढते. आता मऊपणाचं सांगा. लाकडाचं व्हिस्कोस पण असंच मऊ असतं का?

गिरणीकर
हो. त्याच जाडीचा आणि त्याच चकाकीचा तंतू घेतला तर हाताला फरक सांगता येईल असं मला वाटत नाही. मऊपणा येतो तो तंतूच्या घडणीतून. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली चपट्या, पिळलेल्या फितीसारखा दिसतो. व्हिस्कोसचा तंतू सलग, सरळ दांडीसारखा असतो, त्यावर लांबीच्या दिशेने बारीक खाचा. अंगाला घासायला टोक कमी आणि वाकायला तंतू लवचीक, म्हणून ते सुळसुळीत लागतं आणि ओघळतं.

गारवा पाण्यातून येतो. व्हिस्कोसच्या साखळ्या कापसाइतक्या घट्ट रचलेल्या नसतात, मध्ये पाण्याला जागा असते. वजनाच्या हिशोबात कापसाला ८.५ टक्के ओल धरतात, व्हिस्कोसला १३ टक्के. त्याच सैल रचनेची दुसरी बाजू म्हणजे ओलं झालं की व्हिस्कोस आपली जवळपास निम्मी ताकद गमावतं, तर कापूस ओला झाल्यावर उलट बळकट होतो. बांबू जर्सी लांबते, काखेत विरते, गोळे धरते, हे सगळं इथूनच येतं. ५ टक्के स्पॅन्डेक्स घालण्याचं कारणही हेच आहे. एकटं व्हिस्कोस ताणलं की मागे येत नाही.

शंकाकुशंका
घरी ओळखायची काही रीत आहे का? जाळून बघतात म्हणे.

गिरणीकर
जाळून कापूस आणि व्हिस्कोस वेगळे कळत नाहीत. दोन्ही कागदासारखे जळतात आणि हलकी राख राहते. कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन मिसळलं आहे एवढंच कळतं. स्पॅन्डेक्समुळेही थोडा चिकटपणा येतो, त्याने फसू नका.

त्यापेक्षा ओल्या सुताची रीत बरी. कापडाच्या कडेतून वीतभर सूत उसवा, त्यातला ताणणारा स्पॅन्डेक्स बाजूला काढा. सुताच्या मधोमध बोटभर जागा ओली करा, अर्धा मिनिट थांबा आणि दोन्ही टोकं सावकाश ओढा. ओल्या जागीच तुटलं तर व्हिस्कोस, कोरड्या जागी तुटलं तर कापूस. पाच-सहा सुतं तरी बघा, एकावर ठरवू नका. मिश्र सुतात निकाल गोंधळाचा येतो. तेव्हा प्रयोगशाळेत फॉर्मिक आम्ल आणि झिंक क्लोराईडच्या द्रावणात व्हिस्कोस विरघळवून उरलेल्या कापसाचं वजन करतात. ते घरी करायचं काम नाही.

यातल्या कुठल्याही रीतीने व्हिस्कोस बांबूचं की लाकडाचं हे कळत नाही. त्यासाठी लगदा कुठून आला याचे कागदच बघावे लागतात.

टाकादोरा
सहा सुतं तपासली, सहाही ओल्या जागी तुटली. मग ६० सेंटिमीटरचा चौकोन कापून त्यात ५० सेंटिमीटरच्या खुणा केल्या, कोमट पाण्यात तीनदा धुतला आणि आडवा पसरून वाळवला. लांबी पहिल्या धुण्यात ४६.५ झाली, तिसऱ्यात ४६. रुंदी ४९. हे एवढं आटणं बरोबर आहे का? सगळेजण लांबतं म्हणतात आणि माझं तर आटलं.

गिरणीकर
दोन्ही खरं आहे. विणताना आणि फिनिशिंगला कापड लांबीत ओढलेलं असतं, धुतल्यावर टाके मूळ जागी येतात म्हणून आटतं. तोच कपडा ओला दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनाने पुन्हा लांबतो, आणि स्वतःच्या वजनाइतकं पाणी तर व्हिस्कोस धरून बसतंच.

तुमचं लांबीत ८ टक्के आटलं. झबलं धुतल्यावर ४० सेंटिमीटर हवं असेल तर ४० भागिले ०.९२, म्हणजे साडेत्रेचाळीस कापायला हवं. पण मी तसं करणार नाही, कारण पुढच्या ताग्याचं आटणं वेगळं निघेल. कापड आधी धुवून, आडवं वाळवून, एक रात्र मोकळं पसरून मग कापा. सुई गोल टोकाची, ७० किंवा ७५ नंबरची घ्या. साध्या अणकुचीदार सुईने टाक्याचा धागा तुटतो आणि तिसऱ्या-चौथ्या धुण्यानंतर शिवणीलगत भोकं दिसायला लागतात. खांद्याच्या शिवणीत अरुंद पट्टी घाला, नाहीतर गळा लोंबेल. ग्राहकासाठी चिठ्ठीवर 'पिळू नका, आडवं वाळवा' एवढं हवंच.

शंकाकुशंका
लायोसेल नावाचंही बांबूचं कापड दिसतं. ते चांगलं का?

रसायनवही
प्रक्रियेच्या बाजूने हो. त्यात कार्बन डायसल्फाईड लागतच नाही. एनएमएमओ नावाच्या द्रावकात सेल्युलोज थेट विरघळवतात आणि पाण्यात तंतू ओढतात. द्रावक ९९ टक्क्यांहून जास्त परत मिळवतात, कारण तो महाग आहे आणि सोडून परवडत नाही. तंतू ओला असतानाही बराच मजबूत राहतो. उणीव एवढीच की ओल्यात घासला की पृष्ठभागावर सूक्ष्म लव सुटते आणि गडद रंग धुरकट दिसायला लागतो. पण लेबलवर 'लायोसेल' स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं 'बांबू' असेल तर व्हिस्कोस समजून चालायचं.

हिरवीवाट
मी वर 'रसायनांचा संबंध येत नाही' लिहिलं होतं ते मागे घेते. तरी व्हिस्कोस की कापूस, यात व्हिस्कोसच वाईट असं मी अजून मानत नाही. वायू नीट पकडणाऱ्या कारखान्याचं व्हिस्कोस आणि भरमसाठ फवारणीचा कापूस समोर ठेवले तर मी व्हिस्कोस घेईन.

रसायनवही
त्या जोडीत मीही कदाचित तेच घेईन. पण पावसावर वाढलेला, कमी फवारणीचा कापूस असेल तर माझं मत बदलेल. शिवाय झबलं किती धुणी टिकतं हेही धरायला हवं, आणि तिथे सुती जर्सी पुढे आहे.

टाकादोरा
पुरवठादाराने ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० चा दाखला पाठवला. तो दाखवून 'पर्यावरणपूरक' लिहिता येईल का?

रसायनवही
नाही. तो दाखला तयार कापडात घातक पदार्थ ठरलेल्या मर्यादेत आहेत एवढं सांगतो. बाळाच्या कपड्यासाठी तो उपयोगी आहे आणि त्याचा उल्लेख जरूर करा. त्यातला वर्ग बघा, तान्ह्या बाळांसाठी पहिला वर्ग असतो. पण कारखान्याने धुराड्यातून काय सोडलं हे त्या दाखल्याचं काम नाही. पुरवठादाराला दोन प्रश्न लेखी विचारा. तंतू कोणत्या कारखान्यात ओढला, आणि तिथे गंधकाचा वायू किती टक्के परत पकडतात. लगद्याचा माल जबाबदारीने राखलेल्या जंगलातून आल्याचं सांगणारा एफएससीचा साखळी दाखला आहे का तेही विचारा, तो बांबूलाही मिळतो.

टाकादोरा
तूर्त पाकिटावर '९५% व्हिस्कोस, बांबूपासून; ५% स्पॅन्डेक्स' एवढंच छापते. दाखल्यात वर्ग दुसरा निघाला, म्हणजे तोही बाळांसाठी नाही. पहिल्या वर्गाचा मागितला आहे. दोन्ही प्रश्न पाठवले. उत्तर आलं की 'सूत तयार विकत घेतो, तंतू कुठला ते माहीत नाही'. सूतवाल्याचा पत्ता मागितला आहे.

गिरणीकर
सूतवाल्याकडून तंतूच्या गाठीवरच्या चिठ्ठीचा फोटो मागा. गाठीवर कारखान्याचं नाव, डेनिअर म्हणजे तंतूच्या जाडीचं माप, लांबी आणि लॉट नंबर छापलेला असतो. मात्र '१.५ डेनिअर, ३८ मिलिमीटर व्हिस्कोस' एवढंच असेल आणि बांबूचा शब्द नसेल, तर 'बांबूपासून' हेही छापायचं थांबा.

टाकादोरा
छपाई थांबवली आहे. फोटो आला की इथे टाकते.